तांब्याचा महिन्याचा रेट कसा बसतो: एलएमई फॉर्म्युला, पायरी-पायरीने

तांब्याच्या कामाच्या बऱ्याच पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, खाली एक ओळ असते: ‘कॉपर रेट अ‍ॅज पर एलएमई’, म्हणजे तांब्याचा रेट लंडन मेटल एक्सचेंजच्या भावाप्रमाणे. पीओ देणारा ती वाचत नाही, घेणारा त्याखाली सही करतो आणि पहिले दोन-तीन महिने सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग तांबं एका महिन्यात पाच टक्के हलतं आणि फोन येतो, “साहेब, रेट कुठला लावलाय तुम्ही?” तेव्हा कळतं की त्या ओळीत कुठली किंमत, कुठले दिवस, कुठला डॉलर आणि कुठला महिना, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचं कॉस्टिंग बघतो. आम्ही विजेची पॅनेल बनवणाऱ्यांना तांब्याचे बसबार, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्या, पुरवतो. रेट दर महिन्याला बदलतो आणि तो काढून पाठवण्याचं काम माझ्याकडे असतं. पुढे जी रीत सांगतोय ती बसबारची आहे, पण वाइंडिंग वायर, पट्टी, केबल या सगळ्यांना ती थोड्याफार फरकाने लागू पडते. ट्रान्सफॉर्मरच्या सरकारी टेंडरांत मात्र बहुतेक वेळा ‘इमा’ या संघटनेची मासिक परिपत्रकं आणि वेगळा फॉर्म्युला असतो. तो इथे घेत नाही.

आधी किंमत फोडून बघा

बसबारच्या किलोच्या भावात दोन भाग असतात. एक धातूचा, दुसरा कन्व्हर्जनचा. कन्व्हर्जन म्हणजे रॉड ओढून पट्टी करणं, कापणं, वीज, मजुरी, वेस्टेज आणि आपला नफा. हा भाग रुपयांत ठरतो आणि शक्यतो वर्षभर हलत नाही. हलतो तो धातूचा भाग, आणि त्याची मांडणी अशी असते:

धातूचा रेट (रुपये प्रति किलो) = (एलएमई सरासरी + प्रीमियम) × (१ + कस्टम ड्यूटी) × डॉलरचा दर ÷ १०००

एलएमईचा भाव डॉलर प्रति टन असतो, म्हणून शेवटी हजाराने भागायचं. प्रीमियम म्हणजे प्रत्यक्ष कॅथोड, म्हणजे शुद्ध तांब्याचे पत्रे, बंदरापर्यंत आणून देण्यासाठी विकणारा एक्सचेंजच्या भावावर घेतो तो वरचा पैसा. तो करारात आकड्यानिशी लिहून घ्या आणि किती काळासाठी पक्का आहे तेही लिहा.

ड्यूटीवर नवखा माणूस हमखास अडतो. आपण तर इथल्याच रॉडवाल्याकडून माल घेतो, मग आयातीची ड्यूटी कशाला? कारण देशातला उत्पादकही भाव लावताना आयात केलेलं तांबं इथे कितीला पडेल हेच बघतो. २०१८ साली तुतिकोरिनचा मोठा स्मेल्टर बंद झाल्यापासून भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार झाला आहे, त्यामुळे हा हिशोब आणखीच घट्ट बसला. तांब्याच्या कॅथोडवर मूळ ड्यूटी ५ टक्के आणि त्या ड्यूटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणून फॉर्म्युल्यात ५.५ टक्के येतात. जपानसारख्या करार असलेल्या देशातून आलेल्या मालाला ड्यूटी लागत नाही. तो फायदा कुणी ठेवायचा, हा घासाघिशीचा विषय आहे, फॉर्म्युल्याचा नाही.

जुन्या करारांत इथे हमखास एक भूत सापडतं: ‘१ टक्का लँडिंग’. कस्टमच्या मूल्यांकनातला हा ठोकताळ्याचा एक टक्का सप्टेंबर २०१७ मध्ये गेला. तरी कुणाकुणाच्या एक्सेल शीटमध्ये तो आजही बसलेला असतो. तुम्ही माल घेणारे असाल तर तो शोधा. आणि ‘५.५ टक्के’ असा आकडा करारात गोठवण्याऐवजी ‘त्या वेळी लागू असलेली ड्यूटी’ असं लिहा.

जीएसटी या फॉर्म्युल्यात येत नाही. तो बिलावर वेगळा लागतो आणि घेणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं.

एलएमईची कुठली किंमत?

लंडन मेटल एक्सचेंजवर तांब्याचे दोन भाव सतत ऐकू येतात, ‘कॅश’ आणि ‘थ्री मंथ’. कॅश म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांत ताबा द्यायचा भाव. थ्री मंथ म्हणजे तीन महिन्यांनी. तीन महिनेच का, तर एकोणिसाव्या शतकात चिलीहून तांबं घेऊन निघालेलं जहाज लंडनला पोचायला साधारण तेवढा वेळ लागायचा. जहाजांचा वेग बदलला, पण प्रथा राहिली. बातम्यांत ‘तांबं इतक्यावर गेलं’ म्हणतात तो बहुतेक वेळा थ्री मंथचा भाव असतो. करारात मात्र बहुतेक वेळा ‘कॅश सेटलमेंट’ असतो, म्हणजे लंडनच्या दुपारच्या सत्रात ठरलेला अधिकृत कॅशचा विकणाऱ्याकडचा भाव. आपल्याकडे तोवर संध्याकाळ झालेली असते.

एरवी या दोन्हींत थोडाच फरक असतो, म्हणून लोक बेफिकीर राहतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये एक्सचेंजच्या गोदामांत तांबं इतकं कमी उरलं की एका दिवशी कॅशचा भाव थ्री मंथपेक्षा हजार डॉलरहून जास्त वर गेला. तेव्हा डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. हजार डॉलर, त्यावर ड्यूटी, गुणिले ७५ म्हणजे किलोमागे ७९ रुपये. तो एका दिवसाचा टोकाचा आकडा होता, महिन्याच्या सरासरीत एवढा उतरला नाही. पण ‘अ‍ॅज पर एलएमई’ एवढंच लिहून भागत नाही, हे समजायला तो एक दिवस पुरेसा आहे.

दिवस मोजणं

सरासरी म्हणजे त्या महिन्यात एलएमईने जितके दिवस अधिकृत भाव जाहीर केला तितक्या दिवसांची साधी सरासरी. रोजचे भाव एलएमईच्या संकेतस्थळावर दिसतात. वेस्टमेटॉल नावाच्या जर्मन कंपनीच्या पानावर कॅश सेटलमेंटचा दिवसवार तक्ता आणि मासिक सरासरी तयार मिळते. आमच्या व्यवसायात बरेच जण तिथूनच आकडा उचलतात. मी तरीही दिवसवार भाव स्वतःच्या शीटमध्ये उतरवतो, कारण ग्राहकाने विचारलं की सगळा तक्ताच पुढे करता येतो.

या शीटमध्ये मी स्वतः एकदा मार खाल्लाय. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडात बँक हॉलिडे असतो आणि एलएमई बंद असतं. मी तारखा आधीच भरून ठेवल्या होत्या. त्या दिवसाच्या रकान्यात शून्य पडलं आणि सरासरीने ते शून्य इमानेइतबारे धरलं. २१ दिवसांच्या बेरजेला २२ ने भागलं गेलं. सरासरी ९,६०० असायला हवी तर अशा चुकीने ९,१६४ येते, आणि रेट किलोमागे ३८ रुपयांनी खाली. ग्राहकाकडून त्या महिन्यात एकही फोन आला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तेव्हापासून शीटमध्ये हे असतं:

```
=AVERAGEIF(B2:B24,">0")
=COUNTIF(B2:B24,">0")
```

दुसऱ्या ओळीतून दिवसांची संख्या कळते. ती एलएमईच्या सुट्ट्यांच्या यादीशी ताडून मगच पुढे जायचं.

डॉलर कुठला?

डॉलरचे किमान तीन दर फिरत असतात. एक रिझर्व्ह बँकेचा म्हणून ओळखला जाणारा रेफरन्स रेट, जो जुलै २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. दुसरा स्टेट बँकेचा टीटी सेलिंग, म्हणजे आयातदाराला बँक ज्या दराने डॉलर विकते तो, आणि म्हणून सहसा थोडा चढा. तिसरा कस्टमचा, ड्यूटी आकारण्यापुरता. विकणारा टीटी सेलिंग मागतो, घेणारा रेफरन्स रेट. कुठलाही चालेल, पण एकच, आणि लेखी.

डॉलरचीही महिन्याची सरासरीच घ्यायची. इथे प्रश्न येतो की रोजचा भाव रोजच्या डॉलरने गुणून मग सरासरी काढायची, की दोन्हींची वेगळी सरासरी काढून गुणायचं? यावर मी दोन मोठ्या माणसांना अर्धा तास भांडताना पाहिलंय. म्हणून पाच दिवसांचं उदाहरण करून बघितलं. तांबं रोज शंभराने चढत ९,४०० वरून ९,८०० वर गेलं आणि डॉलर ८३.९० वरून रोज २० पैशांनी घसरत ८३.१० वर आला, असं धरलं. वेगळ्या सरासऱ्या गुणल्या तर टनाला ८,०१,६०० रुपये येतात. रोजचा गुणाकार करून सरासरी काढली तर ८,०१,५६०. फरक किलोमागे चार पैसे. भांडायची गोष्ट नाही.

तरी मी वेगळ्या सरासरीच्या बाजूचा आहे, आणि कारण कॅलेंडरमध्ये आहे. मे २०२४ घ्या. लंडनमध्ये ६ आणि २७ तारखेला सुट्टी, म्हणून एलएमईचे दिवस २१. मुंबईत १ मे महाराष्ट्र दिन, २३ ला बुद्ध पौर्णिमा आणि २० ला लोकसभेचं मतदान, म्हणून डॉलरच्या दराचे दिवस २०. आणि नेमकं त्याच २० मे रोजी एलएमईवर थ्री मंथ तांब्याने इतिहासात पहिल्यांदा ११,००० डॉलर ओलांडले. रोजचा गुणाकार करणाऱ्याने त्या दिवसाच्या भावाला कुठल्या डॉलरने गुणायचं? आदल्या शुक्रवारच्या, की तो दिवसच गाळायचा? महिन्यातला सर्वांत महाग दिवस गाळला की विकणारा ओरडणार. दोन सरासऱ्या वेगळ्या ठेवल्या की हा वाद उद्भवतच नाही.

आता एक रेट काढू

जुलैच्या पुरवठ्यासाठी जूनची सरासरी वापरायची असं ठरलंय. आकडे हिशोबाच्या सोयीचे घेतो: जूनची एलएमई कॅश सरासरी ९,६०० डॉलर, प्रीमियम १०० डॉलर, ड्यूटी ५.५ टक्के, जूनच्या डॉलरची सरासरी ८३.५०.

९,६०० आणि १०० मिळून ९,७००. त्याला १.०५५ ने गुणलं की १०,२३३.५०. गुणिले ८३.५० म्हणजे ८,५४,४९७ रुपये टन. किलोला ८५४.५०. यात कन्व्हर्जनचे ४५ रुपये घातले की बसबारचा जुलैचा रेट ८९९.५०, अधिक जीएसटी.

गोलाई फक्त शेवटी, दोन दशांशांपर्यंत. मधल्या पायरीवर गोल केलं की ग्राहकाच्या आकड्याशी पाच-दहा पैसे जुळत नाहीत, आणि पाच पैशांसाठी बिल महिनाभर अडकतं. त्यांच्या सिस्टिममध्ये पीओचा रेट आणि बिलाचा रेट तंतोतंत जुळावा लागतो.

पट्टी किलोने विकली तर काम इथे संपलं. पंच केलेला तुकडा नगावर विकत असाल तर भंगाराचा हिशोबही याच रेटला बांधावा लागतो. एका लिंकला १.२५ किलो पट्टी लागते, तयार तुकडा १ किलोचा होतो आणि पाव किलो भंगार पडतं असं धरा. धातूचा खर्च १.२५ गुणिले ८५४.५० म्हणजे १,०६८.१३. भंगाराची वजावट धातूच्या रेटच्या ९० टक्क्यांनी ठरली असेल तर १९२.२६. उरले ८७५.८७. हीच वजावट कुणी दोन वर्षांपूर्वी ‘भंगार ६५० रुपये किलो’ अशी ठरवून विसरला असेल, तर विकणारा १६२.५० च वजा करतो आणि दर नगामागे ३० रुपये खिशात घालतो. घेणाऱ्याने धातूचा रेट दर महिन्याला तपासायचा आणि भंगाराचा कधीच नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

महिना कुठला, हा खरा पैशाचा प्रश्न

मागच्या महिन्याची सरासरी पुढच्या महिन्याला लावायची, याला आमच्यात ‘एम मायनस वन’ म्हणतात. सोय उघड आहे. जूनची सरासरी जून संपताच पक्की होते, एक-दोन तारखेला रेट काढता येतो आणि जुलैची सगळी बिलं एकाच रेटने जातात.

चालू महिन्याचीच सरासरी लावायची असेल, तर ती महिना संपल्याशिवाय कळत नाही. मग महिनाभर तात्पुरत्या रेटने बिलं करायची आणि शेवटी फरकाची डेबिट किंवा क्रेडिट नोट काढायची. रेट घसरला तर पुरवठादाराला जीएसटीसह क्रेडिट नोट द्यावी लागते, आणि तिच्यावरची कराची वजावट पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते, त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तेवढीच मुदत. कागद वाढतात, पण भाव बाजाराला चिकटून राहतो.

कुठलं निवडावं? तुमचा रॉडवाला तुम्हाला कसा रेट लावतो, त्यावर. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. जुलैमध्ये तांबं घसरलं आणि सरासरी ९,१०० वर आली, बाकी सगळं तेच. तर जुलैच्या सरासरीने धातूचा रेट ८१०.४५ होतो. जूनच्या सरासरीने तुम्ही विकताय ८५४.५० ला. रॉड जर जुलैच्या बाजारभावाने रोज उचलत असाल, तर किलोमागे ४४ रुपये वरचे मिळाले. पाच टनांवर सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर.

आता तेच उलटं करा. जूनची सरासरी ९,१००, जुलैची ९,६००. तुम्ही ८१०.४५ ने विकताय, रॉड ८५४.५० ने घेताय. कन्व्हर्जन ४५ रुपयांचं होतं, त्यातले ४४ धातूतच गेले. महिनाभर मशिन चालवलं, माणसं राबली, आणि हातात किलोमागे एक रुपया.

एका वर्षात चढउतार एकमेकांना फेडतात असं सांगणारे भेटतात. भाव जिथून निघाला तिथेच परतला तर काही अंशी फेडतात. पण सलग सहा महिने चढत राहिला तर छोट्या कारखान्याचं खेळतं भांडवल तोवर आटतं. म्हणून विकताना जो महिना, घेतानाही तोच महिना, हे रॉडवाल्याकडून लिहून घ्यायचं. ग्राहकाला एम मायनस वन असेल तर रॉडही एम मायनस वनच्या सरासरीने. रॉडवाला ऐकत नसेल, तर ग्राहकाला चालू महिन्याची सरासरी मागायची. दोन्ही जमत नसेल तर एमसीएक्स या आपल्याकडच्या वायदे बाजारात वायदा घेऊन धोका झाकता येतो, पण तिथला लॉट अडीच टनांचा, मार्जिनचे पैसे रोज तयार ठेवावे लागतात, आणि लक्ष ठेवणारा माणूस लागतो. महिन्याला टनभर माल काढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

भावच जाहीर झाला नाही तर

हे कलम बहुतेक करारांत नसतं. ८ मार्च २०२२ ला निकेल काही तासांत एक लाख डॉलरच्या वर उसळलं, तेव्हा एलएमईने व्यवहार थांबवले आणि त्या दिवसाचे सौदे रद्दही केले. बाजार पुन्हा उघडला १६ मार्चला. निकेलवर रेट बांधलेल्या स्टेनलेसवाल्यांना त्या महिन्याची सरासरी कुठल्या दिवसांवर काढायची, हे आपसात बसून ठरवावं लागलं. तांब्यावर अशी वेळ आलेली नाही. तरी एक वाक्य घालून ठेवा: अधिकृत भाव जाहीर न झालेला दिवस सरासरीतून वगळायचा, आणि असे सलग पाच दिवस झाले तर दोघांनी मिळून रेट ठरवायचा.

रेटचं पत्र

दोन तारखेला, किंवा ती रविवारी आली तर तीनला, मी ग्राहकाला एका पानाचं पत्र मेल करतो. त्यात एलएमई सरासरी, दिवसांची संख्या, प्रीमियम, ड्यूटी, डॉलरची सरासरी आणि तिचे दिवस, धातूचा रेट, कन्व्हर्जन आणि बेरीज. खाली दिवसवार तक्ता. तिकडून ‘कन्फर्म’ असं उत्तर आल्यावरच पीओचा रेट बदलला जातो, आणि तो बदलेपर्यंत आम्ही गाडी भरत नाही. जुन्या रेटने गेलेलं बिल दुरुस्त करण्यापेक्षा गाडी एक दिवस उभी राहिलेली परवडते.

त्या पत्राची शेवटची ओळ दोन वर्षांपूर्वी वाढवली. ३१ तारखेच्या रात्री साडेनऊला एक टेम्पो चाकणला निघाला. बिल ३१ चं, गेटवर एंट्री १ तारखेची. पुढच्या महिन्याचा रेट किलोला २६ रुपयांनी खाली होता आणि गाडीत १,८०० किलो माल. ग्राहकाच्या स्टोअरने आवक एक तारखेची धरून नवा रेट लावला, आम्ही बिलाची तारीख धरून जुना. ४६,८०० रुपयांसाठी तीन आठवडे मेल चालल्या आणि शेवटी निम्मे-निम्मे करून मिटवलं. आता ओळ अशी आहे: ‘रेट टॅक्स इन्व्हॉइसच्या तारखेप्रमाणे लागू, माल कधीही पोचला तरी.’